नऊ घरांचा हिशेब

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी काही आठवणी लिहून द्याव्यात, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा आम्हांला प्रथम आठवला तो वसतिगृहातील विजेचा दिवा. आम्ही या वसतिगृहात दाखल झालो त्या वेळी कंदिलावर अभ्यास चाले. दोन वर्षांनी खांब आले, तारा ओढल्या गेल्या आणि एका संध्याकाळी अभ्यासाच्या दालनात चार दिवे एकदम लागले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. भन्तेजी म्हणाले, "ही वीज कोयनेची आहे, बाळांनो." सर्वांनी कौतुकाने आमच्याकडे पाहिले, कारण कोयनेच्या खोऱ्यातून आलेले त्या दालनात आम्ही एकटेच होतो. आम्हांलाही अभिमान वाटला. ज्या पाण्याखाली आमचे घर गेले होते, त्याच पाण्याची ही वीज आहे, हा विचार त्या क्षणी मनात आला नाही. तो पुढे आला, आणि आजपर्यंत गेलेला नाही.

त्या वर्षी शाळेत निबंधस्पर्धा झाली. 'धरणे आणि नवा भारत' हा विषय होता. भाक्रा, हिराकूड, दामोदर ही नावे आम्हांला पाठ होती. शिवाय गुरुजींनी वर्गात सांगितले होते की, १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा पाणी आणि वीज ही खाती त्यांच्याकडेच होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्या काळात घातला गेला, आणि ओरिसातील नद्यांच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनीच भूषविले होते. महापुराचे पाणी हे संकट नसून साठवून वापरावयाची संपत्ती आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. दारिद्र्य हटवावयाचे तर कारखाने हवेत आणि कारखान्यांना स्वस्त वीज हवी. हे सारे आम्ही निबंधात लिहिले. पहिला क्रमांक आला.

सुट्टीत गावी गेल्यावर तो निबंध आम्ही आजोबांना वाचून दाखविला. गावी म्हणजे डोंगरउतारावर नव्याने बांधलेल्या कुडाच्या घरी. खाली पाणी दिसत होते. आजोबांनी शांतपणे सगळे ऐकले आणि एवढेच विचारले, "चांगलं लिवलंस. पन ह्यात आपली नऊ घरं कुठं हायती?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यास आम्हांला पन्नासहून अधिक वर्षे लागली. ते येथे लिहून ठेवावे असे वाटते.

प्रथम धरणाची बाजू मांडली पाहिजे, कारण ती लहान नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर प्रचंड पाऊस पडतो. कोयना नदी महाबळेश्वराहून निघून दक्षिणेकडे वाहते व हेळवाकपाशी पूर्वेला वळते. या वळणाजवळ नदी अडवून पाणी बोगद्याने पश्चिमेकडे सोडले, तर ते कोकणात शेकडो मीटर खाली कोसळते आणि त्या पडण्याच्या जोरावर वीज निर्माण होते. एवढी उंची निसर्गतः क्वचितच मिळते. कोयनेचे चारही टप्पे आणि पायथ्याचे वीजगृह मिळून आज १९६० मेगावॉट क्षमता आहे. मुंबईच्या गिरण्या, रेल्वे, राज्यातील कारखाने आणि असंख्य घरे या विजेवर चालली. पाण्याचा जो भाग पूर्वेकडे नदीत सोडला जातो, त्यावर कृष्णाकाठची शेती पिकते. आमच्या वसतिगृहातील कित्येक मित्र त्याच काठचे होते. सुट्टीवरून येताना ते गूळ आणीत, आणि तो आम्हीही आवडीने खात असू. धरण बांधणेच चूक होते असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला आहे असे आम्ही मानीत नाही.

आता दुसरी बाजू. धरणामागे शिवसागर जलाशय पसरला आणि सुमारे शंभर गावांना त्याची झळ बसली. आमचे गाव त्यांपैकी एक होते. गावात सेहेचाळीस घरे होती. त्यांतील नऊ घरे ओढ्यापलीकडे, आमच्या वस्तीची. या नऊ घरांचे पोट चार गोष्टींवर चाले. पहिली, वतनाची तीन एकर वरकस जमीन, नऊ घरांत सामाईक. दुसरी, गावातील जमीनदारांची भातखाचरे, जी आमचे आजोबा आणि इतर चौघे अर्धेलीने करीत. तिसरी, इतरांच्या शेतावरील मजुरी. चौथी, डोंगर. हिवाळ्यात हिरडा गोळा करून व्यापाऱ्याला विकायचा, पावसाळ्यात रानभाजी, उन्हाळ्यात मध आणि शिकेकाई, वर्षभर सरपण. आजी म्हणे, की वर्षातले चार महिने शेत पोसते आणि आठ महिने डोंगर.

संपादन झाले ते १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा वेगळा कायदा १९७६ साली झाला, म्हणजे आमचे गाव बुडाल्यानंतर पुष्कळ वर्षांनी. १८९४ च्या कायद्याला माणसे दिसत नसत, हक्क दिसत असत. जमिनीत ज्याचा नोंदलेला हक्क आहे त्याला त्या हक्काचे मोल द्यावे आणि संपादन सक्तीचे आहे म्हणून वर शेकडा पंधरा दिलासा रक्कम द्यावी, एवढेच त्याला ठाऊक होते. घरदार सोडून जाणारा माणूस पुढे कोठे राहील आणि काय खाईल, हा प्रश्न त्या कायद्यात कोठेच नव्हता.

आमच्या चार आधारांना ही फूटपट्टी लावली तेव्हा काय झाले ते पाहावे. वतनजमीन कागदावर होती, म्हणून तिचे मोल झाले. एकरी दीडशे रुपये दराने तीन एकरांचे साडेचारशे. त्यावर पंधरा टक्के म्हणजे साडेसदुसष्ट. एकूण पाचशे साडेसतरा रुपये. नऊ घरांत वाटणी केल्यावर प्रत्येक घराच्या वाट्याला सत्तावन्न रुपये पन्नास पैसे आले. एका बैलाचीही ती किंमत नव्हती. तेही लगेच मिळाले नाहीत. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली होती आणि ठरावीक रक्कम भरून जमीन पुन्हा आपल्या नावे करून घ्यावयाची होती. आमच्या वस्तीतील कोणालाच हे वेळेवर कळले नाही. त्यामुळे जमीन नक्की कोणाची, या प्रश्नावर ती रक्कम तीन वर्षे अडून राहिली.

अर्धेलीच्या खाचरांची कथा याहून वेगळी. कूळ कायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून कसत होता, तो जमिनीचा मालक मानला जावयाचा. परंतु कूळ कोण, हे पीकपाहणीच्या रकान्यावरून ठरे. आजोबा वीस वर्षे ती खाचरे कसत होते आणि रकान्यात नाव मालकाचे होते. करार तोंडी होता. मालकाला पूर्ण मोबदला मिळाला. खाचराचे बांध ज्याने प्रत्येक पावसाळ्यात घातले, त्याला काही मिळाले नाही. यात मालकाने लबाडी केली असे आजोबा कधी म्हणाले नाहीत. कागद जसा होता तसा निवाडा झाला.

मजुरी आणि डोंगर यांचे मोल शून्य. ज्यावर वर्षातले आठ महिने चूल पेटे, त्याला सरकारी कागदात रकानाच नव्हता. घरांचे मोल झाले, पण कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर यांचे मोल ते काय होणार! वासे मात्र आम्हांला नेऊ दिले. ते डोक्यावर घेऊन आम्ही डोंगर चढलो. त्या वेळी आम्ही आठ वर्षांचे होतो आणि आमच्या डोक्यावर जाते होते, म्हणजे त्याची वरची तळी. खालची वडिलांनी घेतली होती.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. निवाड्यातील रक्कम कमी वाटली, तर जिल्हा न्यायालयाकडे दाद मागण्याची सोय त्या कायद्यात होती. मात्र रक्कम घेताना 'हरकत राखून' घेतो असे नोंदविणे आवश्यक होते. मुकाट्याने रक्कम घेणाऱ्याचा तो हक्क संपत असे. गावातील ज्या दोन-तीन जणांना वकील परवडत होता, त्यांनी ते शब्द लिहिले. आमच्या नऊ घरांनी अंगठे उमटविले. त्या अंगठ्यांबरोबर आपला हक्कही गेला, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

मोठे खातेदार आपापल्या ऐपतीप्रमाणे दूरच्या जिल्ह्यांत गेले. काहींना काळ्या जमिनी मिळाल्या. भातशेतीच्या सवयीमुळे प्रारंभी त्यांचेही फार हाल झाले. आमच्या नऊ घरांपैकी पाच घरे मुंबईला झोपडपट्टीत गेली. चार घरे डोंगर चढून वर राहिली, कारण डोंगर तरी ओळखीचा होता. पुढे १९८५ साली तेथे कोयना अभयारण्य झाले आणि २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. मग हिरड्यावरही बंधने आली. पहिल्यांदा विजेसाठी उठलेली माणसे दुसऱ्यांदा वनासाठी उठली. दोन्ही वेळा कारण राष्ट्रहिताचे होते आणि दोन्ही वेळा ते खोटे नव्हते.

हे सर्व आम्हांला आजोबांच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी कळले होते. त्याचा अर्थ कळला तो नोकरीत. शाळेच्या शिक्षणामुळे आम्हांला महसूल खात्यात कारकुनी मिळाली आणि काही वर्षांनी एका दुसऱ्या धरणाच्या पुनर्वसनाचे काम टेबलावर आले. त्या वेळी नवा कायदा आलेला होता. बाधित गावांची विवरणपत्रे तयार करावयाची होती. एक रकाना 'भूमिहीन कुटुंबे' असा होता. एका गावाच्या तलाठ्याकडून आलेल्या कागदात तो रिकामा होता. अहवाल त्याच दिवशी पाठवायचा होता. आम्ही त्या रकान्यात 'निरंक' असा शब्द लिहिला आणि सही करून कागद पुढे पाठविला.

त्या रात्री झोप आली नाही. ज्या गावात भूमिहीन कुटुंब नाही असे गाव आम्ही जन्मात पाहिलेले नव्हते. तिसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही त्या गावी गेलो. हातात दोन याद्या होत्या. एक ग्रामपंचायतीची घरपट्टीची आणि दुसरी सातबाऱ्यावरील खातेदारांची. घरोघर फिरून दोन्ही ताडून पाहिल्या. घरपट्टीच्या यादीतील अकरा घरे खातेदारांच्या यादीत नव्हती. शिवाय गायरानाच्या कडेला पाच झोपड्या होत्या, ज्या दोन्ही याद्यांत नव्हत्या. 'निरंक' या एका शब्दाखाली सोळा चुली होत्या. आम्ही नवे विवरणपत्र केले आणि साहेबांपुढे ठेवले. आधीचे चूक कोणी केले, असे त्यांनी विचारले. आम्ही केले, असे सांगितले. ते रागावले, पण सही केली. त्या सोळा घरांना नव्या गावठाणात घरासाठी भूखंड मिळाले. जमीन मिळाली नाही. तरीही भूखंड मिळाले.

तेव्हापासून कोणत्याही धरणाचा अहवाल हाती आला, की आम्ही प्रथम या दोन याद्यांमधील अंतर पाहतो. त्या अंतरात जी माणसे असतात, त्यांचे नुकसान लाभ-हानीच्या कोष्टकात आलेलेच नसते. मग 'राष्ट्राचा लाभ मोठा, मूठभरांची हानी लहान' हे वाक्य सहज लिहिता येते. ती हानी लहान दिसते, कारण ती मोजलेलीच नसते.

मोजली आणि तरीही लाभ मोठा ठरला, तर काय? बहुधा तो मोठा ठरेलच. कोयनेचा तर निश्चित ठरेल. आमच्या मते खरा प्रश्न तेथे सुरू होतो. लाभ इतका मोठा असेल, तर त्यातील थोडा भाग हानी सोसणाऱ्याकडे वळविणे अवघड का असावे?

पुनर्वसनाच्या कायद्याने याचे एक चांगले उत्तर शोधले होते. धरणाच्या कालव्याने ज्यांची कोरडवाहू जमीन बागायती होणार, त्या लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांकडून पायरीपायरीने काही जमीन घ्यावी आणि ती बुडितातील शेतकऱ्याला द्यावी. याला 'स्लॅब' म्हणतात. पाणी ज्याला मिळाले त्याने जमीन द्यावी, हा त्यातील न्याय एखाद्या अडाणी माणसालाही पटतो. अंमलबजावणीत मात्र उणिवा राहिल्या. जमीन मिळवण्यासाठी विस्थापिताला मोबदल्याची पासष्ट टक्के रक्कम आधी शासनाकडे भरावी लागे, आणि मोबदल्याचा पैसा अनेकांच्या घरात तोवर लग्नात किंवा आजारपणात संपलेला असे. पण तत्त्व योग्य होते.

कोयनेच्या बाबतीत या तत्त्वाचीही पंचाईत झाली. कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळविण्यास मुभा दिली. ते पाणी वीज देऊन वाशिष्ठीला मिळते आणि समुद्राला जाते. त्या वाटेवर आमच्यासाठी जमीन काढून देणारे लाभक्षेत्र नाही. लाभ झाला तो गिरणीच्या यंत्राला, लोकलगाडीला आणि वसतिगृहातील आमच्या चार दिव्यांना. दिवा जमीन कोठून देणार? तो पैसा देऊ शकतो. मोबदला एकदाच मिळाला, सत्तावन्न रुपये पन्नास पैसे. वीज मात्र दर वर्षी निर्माण होते. एका युनिटमागे एक पैसा बाजूला काढला असता, तर दर कोटी युनिटांमागे एक लाख रुपये जमले असते. वीज वापरणाऱ्याला तो पैसा जाणवलाही नसता. ज्यांचे गाव गेले त्यांना मात्र दर वर्षी, नोंद असो वा नसो, काहीतरी पोहोचले असते. यात धरणाला विरोध नाही. दिव्याखाली बसून अभ्यास केलेल्या माणसाचे ते देणे आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. शाक्य संघाने बहुमताने युद्धाचा निर्णय घेतला. सिद्धार्थाचा त्याला विरोध होता. संघाचा निर्णय मोडल्यास त्याच्या कुटुंबाच्या जमिनी जप्त होण्याची भीती होती, म्हणून त्याने स्वतः गृहत्याग पत्करला. शाळेत असताना ही कथा आम्ही त्यागाची म्हणून ऐकली. आता वाचताना दुसरी गोष्ट लक्षात येते. बहुमत होते म्हणून निर्णय न्याय्य ठरत नाही. आणि सिद्धार्थाने किंमत दिली ती स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या अंगावर घेऊन. आमच्या नऊ घरांना तसे कोणी विचारले नव्हते. ज्याला विचारलेच नाही, त्याच्याकडून जे घेतले जाते त्याला त्याग हे नाव देऊ नये, एवढे तरी आपण पाळले पाहिजे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या बदलली आहे. ज्यांच्या नावे जमीन नाही, पण जे संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात शेतमजूर, कूळ, अर्धेलीने करणारे किंवा कारागीर म्हणून उपजीविका करीत होते, तेही आता बाधित मानले जातात. वनोपजावर जगणाऱ्यांचाही त्यात विचार आहे. ती व्याख्या प्रथम वाचली तेव्हा आम्ही निवृत्त झालो होतो. आमच्या गावातील त्या नऊ घरांचे चारही आधार तिच्यात एकामागून एक आले होते. जणू कोणीतरी आजोबांना विचारून ते कलम लिहिले असावे. फक्त ते आमच्या गावाला अर्ध्या शतकाने उशिरा पोहोचले, आणि आजोबांना तर पोहोचलेच नाही. पुढे कोणाला पोहोचेल ते तलाठ्याच्या आणि कारकुनाच्या हातात आहे, कारण कलम कितीही चांगले असले तरी रकान्यात 'निरंक' लिहिणे आजही तितकेच सोपे आहे.

या शाळेतून शिकून अनेक मुले-मुली आज अभियंते, तहसीलदार, वकील झाली आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या टेबलावर एखाद्या बुडित गावाचा कागद आला, तर त्यांनी दोन याद्या मागवून घ्याव्यात, घरांची आणि खातेदारांची, आणि एकदा स्वतः त्या गावात फिरून यावे.

तो बक्षीसपात्र निबंध आमच्याजवळ अजून आहे. कागद पिवळा पडला आहे. हा लेख पुरा झाल्यावर आम्ही त्या निबंधाच्या अखेरीस, मोकळ्या राहिलेल्या जागेत, नऊ घरांतील कर्त्या माणसांची नावे क्रमाने लिहिली. पहिले नाव आजोबांचे आहे.